७२ तासांच्या मुदतीबाबत खुलासा

"डेटा फुटला तर कंपनीला ७२ तास मिळतात, तोवर कोणालाच कळवावे लागत नाही," असा एक समज आहे. तो चुकीचा आहे.

भारतात सर्वांत आधी संपणारी मुदत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेची आहे. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून, किंवा कोणी लक्षात आणून दिल्यापासून, ६ तासांत कळवावे लागते. शुक्रवारी रात्री ११ वाजता बाहेरच्या तज्ज्ञाने ग्राहकांची यादी उघडी पडल्याचे कळवले, तर शनिवारी पहाटे ५ वाजेपर्यंत, तपास अपुरा असला तरी हाती असलेली माहिती पाठवायची असते.

७२ तासांचा आकडा नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांतला आहे, आणि तोही केवळ डेटा संरक्षण मंडळाला द्यायच्या सविस्तर माहितीपुरता. मंडळाला पहिली सूचना विनाविलंब द्यायची आहे. प्रत्येक बाधित व्यक्तीलाही काय घडले, त्याचे संभाव्य परिणाम कोणते आणि तिने कोणती काळजी घ्यावी, हे तितक्याच तातडीने कळवायचे आहे. युरोपात व्यक्तींना कळवण्यासाठी जोखीम मोठी असावी लागते. तशी गाळणी आपल्याकडे नाही, ही बाब युरोपीय नमुने उचलणाऱ्यांच्या नजरेतून हमखास सुटते.

नियमांतील ही तरतूद प्रसिद्धीनंतर १८ महिन्यांनी लागू होणार असली, तरी सर्ट-इनचे बंधन २०२२ पासूनच आहे.