नाणी एक्स्चेंजमध्ये आली की एक्स्चेंजमधून गेली, एवढे तरी पाहा

आज सकाळी बेळगावच्या आमच्या गुंतवणूकदारांच्या गटावर मोठे व्यवहार आपोआप कळवणाऱ्या यंत्राचे तेच लाल दिव्यांचे चित्र पुन्हा येऊन पडले. काही हजार बिटकॉइन 'अज्ञात वॉलेट'कडे गेल्याची ओळ, खाली कोणीतरी कुणा बड्या नाणेधारकाबद्दल स्वतःच्या हाताने जोडलेले 'व्हेल विकतोय, बाहेर पडा', आणि त्याखाली अर्ध्या तासात 'धन्यवाद सर'च्या रांगा. मी विचारले की नाणी कोठून निघाली. उत्तर आले नाही. ट्रान्झॅक्शनचा क्रमांक मागितला, तर 'एवढ्या खोलात कोण जाणार' असे सांगण्यात आले. लोकांना घरची शिल्लक विकायला लावताना मात्र खोलात जाण्याची गरज वाटत नाही, याचा मला मनापासून संताप आहे.

हा संताप जुना आहे. निपाणीचे आमचे दाजी तंबाखूच्या व्यापारात आयुष्य काढलेले, पैशाच्या बाबतीत अत्यंत सावध गृहस्थ. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी असाच एक संदेश पाहून आपले सगळे बिटकॉइन विकून टाकले. तो संदेश बायनान्स या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून १,२७,३५१ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे दोन अब्ज डॉलर, एका अज्ञात वॉलेटकडे गेल्याचा होता. तारीख २८ नोव्हेंबर. एफटीएक्स या दुसऱ्या मोठ्या एक्स्चेंजने दिवाळखोरीचा अर्ज करून तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते आणि सगळीकडे घबराट होती, हे मान्य. पण त्या एका ओळीत विक्रीचा पुरावा कोठे होता, हे आजवर मला कोणी दाखवलेले नाही.

सर्वांत आधी दिशा पाहा. ज्याला खुल्या बाजारात विकायचे आहे, तो नाणी एक्स्चेंजमध्ये आणतो, कारण खरेदीदार तेथे आहेत. १,२७,३५१ नाणी एक्स्चेंजच्या पत्त्यावरून बाहेर पडली होती. ज्या पत्त्यावरून ती निघाली तो बायनान्सचा आहे हे संदेशातच लिहिलेले होते, आणि बायनान्सने त्याच महिन्यात आपल्या मोठ्या वॉलेटांचे पत्ते जाहीरही केले होते. म्हणजे ज्याला विक्री म्हणून फिरवले गेले, त्याची दिशाच विक्रीच्या उलट होती. दाजींना मी नंतर एवढेच विचारले की तुम्ही एका वखारीतली पोती दुसऱ्या वखारीत हलवता तेव्हा दर पडतो काय. ते म्हणाले, "दर पडंल कशाला? माल सौद्याला आला तर पडणार की." मला जे सांगायचे आहे ते त्यांनी एका वाक्यात सांगितले होते, पण पडद्यावरचा आकडा पाहताना त्यांना ते आठवू दिले गेले नाही.

पुढे बायनान्सचे तेव्हाचे प्रमुख चांगपेंग झाओ यांनी खुलासा केला. राखीव साठ्याच्या तपासणीसाठी तपासनिसाने त्यांना एक ठरावीक रक्कम स्वतःलाच पाठवून वॉलेटवरचा ताबा सिद्ध करण्यास सांगितले होते, आणि उरलेली रक्कम 'चेंज' म्हणून नव्या पत्त्यावर गेली होती. हे 'चेंज' प्रकरण समजून घेतल्याशिवाय बिटकॉइनचा एकही मोठा व्यवहार वाचता येत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. बिटकॉइनमध्ये पत्त्यावर बँकेसारखी एकत्र शिल्लक नसते, तर पूर्वी आलेल्या रकमांचे वेगवेगळे तुकडे असतात, आणि खर्च करताना प्रत्येक तुकडा पूर्ण वापरावा लागतो. समजा, एक लाख नाण्यांचा तुकडा आहे आणि दोन हजार पाठवायची आहेत. तर व्यवहारात लाखभर नाणी आत जातात, दोन हजार एका पत्त्यावर पडतात आणि शुल्क वजा जाता उरलेली पाठवणाऱ्याकडेच परत येतात. ती परत येताना बहुतेक वेळा कोऱ्या, कधीच न वापरलेल्या पत्त्यावर येतात. त्या पत्त्यावर अजून कोणाचेही नाव लागलेले नसल्यामुळे यंत्र त्याला 'अज्ञात' म्हणते. म्हणजे 'अज्ञात' या शब्दाचा अर्थ 'दुसरा कोणीतरी' असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की अजून नोंद झालेली नाही.

mempool.space सारख्या संकेतस्थळावर ट्रान्झॅक्शनचा क्रमांक टाकला की डावीकडे आत गेलेले तुकडे आणि उजवीकडे बाहेर पडलेले तुकडे दिसतात. उजवीकडे एक नेटकी रक्कम आणि तिच्या शेजारी आठ दशांशांपर्यंत लांबलेली वेडीवाकडी मोठी रक्कम असेल, तर ती मोठी रक्कम बहुधा चेंज असते. पुढे काही दिवसांनी तोच नवा पत्ता त्या एक्स्चेंजच्या ज्ञात पत्त्यांसोबत एकाच व्यवहारात आत गेलेला दिसला, की शंका जवळजवळ मिटते, कारण एकाच व्यवहारातील सगळ्या तुकड्यांच्या किल्ल्या सहसा एकाच मालकाकडे असतात. अनेक जण मिळून केलेले मिश्र व्यवहार याला अपवाद आहेत, पण एक्स्चेंजच्या वॉलेटांच्या बाबतीत तो अपवाद क्वचितच आडवा येतो. हे पाहायला पैसे लागत नाहीत. थोडा धीर मात्र लागतो.

झाओ यांची बाजू मी आंधळेपणाने घेत नाही. त्याच महिन्यात त्यांनीच म्हटले होते की साठा दाखवण्याच्या आधी किंवा नंतर एखाद्या एक्स्चेंजला मोठी रक्कम हलवावी लागत असेल तर ते गडबडीचे लक्षण आहे. लोकांनी तेच वाक्य त्यांच्यावर उलटवले, ते ठीकच झाले. पण एक्स्चेंज पोकळ आहे का ही भीती वेगळी आणि व्हेल विकतो आहे ही भीती वेगळी. दाजींना पहिली वाटली असती, तर त्यांनी नाणी एक्स्चेंजवरून काढून आपल्या स्वतःच्या वॉलेटमध्ये घेतली असती. दुसरी दाखवली गेली, म्हणून त्यांनी विकली. विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला गेला, झालेला तोटा आपल्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या कोणत्याही नफ्यातून वजा करता आला नाही, आणि जानेवारी २०२३ च्या अखेरीस भाव तेवीस हजार डॉलरच्या आसपास गेला तेव्हा ते बाहेर उभे होते.

आता आत येणाऱ्या नाण्यांबद्दल, कारण खरी विक्री दिसलीच तर तेथे दिसते, आणि सर्वांत जास्त फसगतही तेथेच होते. एक्स्चेंज प्रत्येक ग्राहकाला पैसे भरण्यासाठी वेगळा पत्ता देते. ग्राहक त्यावर नाणी पाठवतो, आणि काही वेळाने एक्स्चेंज अशा शेकडो पत्त्यांवरची रक्कम गोळा करून आपल्या मुख्य वॉलेटमध्ये ओढून घेते. ही गोळाबेरीज यंत्राला 'तीन हजार बिटकॉइन अज्ञात वॉलेटकडून एक्स्चेंजकडे' अशी दिसू शकते. प्रत्यक्षात त्यात शेकडो लहान ग्राहकांची नाणी असतात, ती आधीच एक्स्चेंजच्या ताब्यात आलेली असतात, आणि त्यांपैकी काही तर तोवर विकूनही झालेली असतात. डावीकडे तुकड्यांची लांबलचक यादी असेल आणि त्यांतील बहुतेक पत्त्यांचा इतिहास 'नाणी आली, काही वेळाने सगळी त्याच वॉलेटकडे गेली' असाच असेल, तर ती झाडलोट समजावी. उलट, वर्षानुवर्षे न हललेले दोन-चार मोठे तुकडे निघाले, थेट एखाद्या ग्राहकाच्या भरणा-पत्त्यावर गेले आणि तेथून मुख्य वॉलेटमध्ये ओढले गेले, तर मात्र सावरून बसावे. त्यानंतर त्या एक्स्चेंजची एकूण शिल्लक खरोखर वाढली का, तेही पाहावे. अंतर्गत हालचालीत एका वॉलेटमधून जेवढे जाते तेवढेच दुसऱ्यात येते आणि बेरीज जागची हलत नाही.

खरी विक्री कशी दिसते याचे उदाहरण जर्मनीने २०२४ मध्ये सगळ्यांसमोर दाखवले. चित्रपटांच्या एका बेकायदा संकेतस्थळाच्या प्रकरणात सॅक्सनी राज्याकडे आलेली जवळपास पन्नास हजार नाणी जून-जुलैत विकली गेली. पत्ते ज्ञात होते. नाणी टप्प्याटप्प्याने कॉइनबेस, क्राकेन, बिटस्टॅम्प अशा ठिकाणी आणि मोठ्या दलालांकडे जात होती, मधूनच काही परतही येत होती, म्हणजे पाठवलेले सगळे त्याच दिवशी विकले जात नव्हते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात भाव पंचावन्न हजार डॉलरच्या खाली गेला. त्याच सुमारास माउंट गॉक्स या पूर्वीच बुडालेल्या एक्स्चेंजच्या धनकोंची परतफेड सुरू झाली होती, त्यामुळे सगळे खापर जर्मनीवर फोडता येणार नाही. पण ठिकाण, दिशा आणि सातत्य ही तिन्ही लक्षणे तेथे एकत्र होती. त्या आठवड्यात दाजींचा फोन आला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की माल सौद्याला आलाय का. मला त्या प्रश्नाने फार बरे वाटले.

त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस माउंट गॉक्सच्या विश्वस्तांनी सुमारे एक लाख चाळीस हजार नाणी हलवली, तेव्हा 'महाविक्री' म्हणून आमच्याच गटात आरडाओरडा झाला होता. ती नाणी विश्वस्तांच्याच नव्या पत्त्यांवर गेली होती आणि पुढच्या परतफेडीची ती तयारी होती. तो आरडाओरडा करणाऱ्यांपैकी एकानेही नंतर त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. गटाचे चालक वाचत असतील तर माझी स्पष्ट मागणी आहे की असा संदेश ट्रान्झॅक्शनच्या क्रमांकाशिवाय टाकू देऊ नये. खानापूर, चिकोडीकडची नोकरदार मुले हे संदेश वाचून पगाराची शिल्लक विकतात.

एक गोष्ट मला मान्य करावीच लागते, की सगळी खरी विक्री अशी उघड्यावर होत नाही. २०११ पासून पडून असलेली ऐंशी हजार नाणी जुलै २०२५ मध्ये प्रथम हलली ती नुसत्या नव्या पत्त्यांवर. नंतर ती गॅलक्सी डिजिटल या दलाल कंपनीकडे गेली आणि त्या कंपनीने आपल्या ग्राहकासाठी ती विकल्याचे त्याच महिन्यात जाहीर केले. पहिल्या हालचालीला विक्री म्हणणारे तेव्हा चुकीचे होते, तीन आठवड्यांनी बरोबर ठरले, आणि एवढा माल पचवूनही भाव एक लाख दहा हजार डॉलरच्या वरच राहिला. गॅलक्सीकडून काही नाणी एक्स्चेंजांकडे जाताना दिसली, पण अशा दलालाने आधीच ठरवलेल्या खरेदीदाराला परस्पर दिलेली नाणी एक्स्चेंजच्या शिलकेत कधी उमटतच नाहीत. तेथे माझी ही सगळी पद्धत थांबते, आणि तेथे मी विक्री झाली असेही लिहीत नाही, झाली नाही असेही लिहीत नाही.