पैसे घ्यायला पिन लागत नाही

आमच्या सोसायटीतील ज्येष्ठ नागरिक मंडळासाठी ऑनलाइन फसवणुकीवर दीड मिनिटाचा व्हिडिओ करायचे ठरले आणि त्याची संहिता लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ हे वाक्य त्यात असावे, असा सर्वांचा आग्रह होता. मी ते घेतले नाही. गेल्या वर्षी माझ्या आत्याचे पैसे गेले तेव्हा तिच्याकडे कुणीही ओटीपी मागितला नव्हता. तिने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या फोनवर, आपल्याला पैसे मिळत आहेत अशा समजुतीने पिन टाकला होता. म्हणून व्हिडिओत तोच प्रसंग दाखवावा, असे मला वाटते.

पहिले दृश्य. आत्याने जुने लोखंडी कपाट 8,500 रुपयांना विकायची जाहिरात टाकली आहे. फोन येतो. समोरचा माणूस आपण लष्करात असल्याचे आणि बदली झाल्याचे सांगतो, घासाघीस अजिबात करत नाही, कपाट पाहायलाही येत नाही. “मावशी, उद्या टेम्पो पाठवतो. पैसे आत्ताच देतो, तुम्ही फक्त कोड स्कॅन करा.” खरे तर इथेच थांबायला हवे, कारण जुनी वस्तू न पाहता आणि भाव न करता घेणारे गिऱ्हाईक क्वचितच भेटते.

दुसरे दृश्य. तो आधी 1 रुपयाचा कोड पाठवतो. आत्या स्कॅन करते, पिन टाकते. तिच्या खात्यातून 1 रुपया जातो, पण लगेच त्याच्याकडून 2 रुपये येतात आणि तिचा विश्वास बसतो. मग 8,500 रुपयांचा कोड येतो. इथे कॅमेरा फोनच्या अगदी जवळ न्यावा. पडद्यावर वर एका अनोळखी माणसाचे नाव आहे, त्याखाली 8,500 हा आकडा आहे आणि खाली पिनचे चौकोन आहेत. आत्याची नजर फक्त त्या चौकोनांवर आहे. व्हिडिओतले हे चार सेकंद मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात, कारण फसवणूक त्या पडद्यावर उघडपणे लिहिलेली असते.

क्यूआर कोड म्हणजे काय, हेही इथे समजून घ्यायला हवे. त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात साधारण असा मजकूर असतो:

```
upi://pay?pa=name@bank&am=8500&cu=INR
```

त्यातला pay हा शब्द पाहावा. कोड स्कॅन करणारा पैसे देतो आणि कोड ज्याचा आहे तो घेतो. भाजीवाल्याच्या गाडीवर कोड लावलेला असतो आणि स्कॅन आपण करतो, तो याचसाठी. त्यामुळे ‘पैसे मिळण्यासाठी हा कोड स्कॅन करा’ असे कुणी म्हटले, की ते खोटेच असते.

तिसरे दृश्य. पैसे गेल्याचा संदेश येतो आणि आत्या घाबरून फोन करते. तो शांतपणे म्हणतो, “चूक झाली मावशी. आता 17,000 चा कोड पाठवतो, म्हणजे आधीचेही परत येतील.” आत्या इथेच दुसऱ्यांदा फसली. गेलेली रक्कम परत मिळवण्याच्या घाईत माणूस पहिल्या वेळेपेक्षाही कमी विचार करतो आणि बहुधा मोठे नुकसान याच टप्प्यावर होते.

शेवटच्या दृश्यात एकच सवय दाखवावी. पिन टाकण्यापूर्वी पडद्यावरचे नाव आणि रक्कम मोठ्याने वाचायची: “अमुक यांना माझ्या खात्यातून 8,500 रुपये जात आहेत.” हे वाक्य खरे असेल आणि आपल्याला तेच करायचे असेल, तरच पुढे जायचे. पिनऐवजी बोटाचा ठसा वापरत असाल तरी हेच लागू आहे. खात्यातली शिल्लक पाहतानाही पिन लागतो, त्यामुळे नुसते ‘पिन टाकू नका’ असे शिकवून भागत नाही. म्हणून मी वाचण्याची सवय निवडली. मोठ्याने का, असे एकाने विचारले. मनात वाचताना आपल्याला अपेक्षित तेच दिसते, तोंडाने उच्चारताना मात्र ‘जात आहेत’ या शब्दाशी अडखळायला होते, असा माझा स्वतःचा अनुभव आहे.

व्हिडिओच्या शेवटी 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय मदत क्रमांक पडद्यावर ठेवायचा आहे. पैसे गेल्यास त्या भामट्याशी आणखी बोलत न बसता आधी हा क्रमांक लावावा आणि बँकेलाही कळवावे. व्यवहाराचा 12 अंकी संदर्भ क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवावी. रक्कम समोरच्या खात्यातून पुढे सरकली नसेल तर ती तिथेच रोखता येते, मात्र एकदा ती दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात गेली किंवा एटीएममधून काढली गेली की परत मिळणे फार कठीण होते. आत्याने संकोचापोटी आम्हाला हे तिसऱ्या दिवशी सांगितले.