माल निघालाच आहे, भिया!

इंदूरहून पुण्याला माहेश्वरी साड्या पाठवायला उशीर झालाय? घाबरू नका. फक्त गिऱ्हाइकाला आपण होऊन कळवू नका. काय सांगावं, त्याच्या लक्षातच आलं नाही तर? गिऱ्हाईक पुण्याचं असलं तरी माणसाने आशा सोडू नये.

समजा, ४२ साड्यांची ऑर्डर आहे. रविवारी लग्न, आहेराच्या साड्या, आणि सोमवारी गाडीवर चढवतो असा शब्द तुम्ही दिलेला आहे. मंगळवारी फोन येईल. "माल निघालाच आहे" असं खणखणीत आवाजात सांगा. ३० साड्या तुमच्याच पेढीवर गाठोड्यात आहेत आणि १२ अजून महेश्वरला मागावर आहेत, हा तपशील त्यांना कशाला? बुधवारी बिजासन घाट काढा. सेंधव्यापुढचा हा घाट फार उपकारी आहे. त्यात आपण कितीही गाड्या अडकवल्या तरी तो उलटून बोलत नाही. (एखाद्या दिवशी गाडी तिथे खरोखरच अडकते तेव्हा मात्र पंचाईत होते. कोणी विश्वासच ठेवत नाही.)

या सुखी संसारात बिब्बा घालतं ते ई-वे बिल. पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर धाडायचा तर ते लागतंच. त्याचे दोन भाग. भाग 'अ'मध्ये बिलाचा आणि मालाचा तपशील, भाग 'ब'मध्ये गाडीचा नंबर. आपण हुशारीने सोमवारीच भाग 'अ' भरतो आणि आलेला नंबर गिऱ्हाइकाला पाठवून देतो. नंबर बघून तो खूष. पण बिलाची मुदत सुरू होते ती भाग 'ब' भरल्यावर, म्हणजे गाडी ठरल्यावर. तोवर माल एक तर तुमच्याकडे असतो, नाही तर ट्रान्सपोर्टच्या गोदामात. समोरचा दुकानदार जीएसटीत नोंदलेला असेल तर त्याच्या नावावर निघालेलं बिल त्याला पोर्टलवर दिसतं. बुधवारी तुम्ही ज्या गाडीला घाटात अडकवलंत, तिचा नंबर गुरुवारी संध्याकाळी भरला गेलाय, हेही दिसतं. असल्या चौकस माणसांशी धंदाच करू नये.

तरीही माफी मागायची वेळ आलीच तर "काही अपरिहार्य कारणांमुळे विलंब झाला. आपली गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत" एवढंच लिहा. त्यातलं 'असल्यास' सोडू नका. नवी तारीख देऊ नका, 'लवकरात लवकर' लिहा. आणि भरपाई म्हणून पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट द्या. रविवारच्या लग्नात आहेर म्हणून ते कूपनच पाकिटात घालता येईल.

आमच्या रामबागेतल्या नानांसारखं मात्र कधीही लिहू नका. याच ऑर्डरीत त्यांनी मंगळवारी सकाळी, पुण्याचा फोन येण्याआधीच, असं पत्र धाडलं:

"काल ४२ साड्या चढवतो म्हणालो होतो, चढवल्या नाहीत. १२ साड्या मागावर आहेत. विणकराला न विचारता मी तुम्हाला तारीख दिली आणि त्या बारांसाठी तयार असलेल्या तीसही अडवून ठेवल्या. दोन्ही चुका माझ्या. ३० साड्या आज रात्रीच्या गाडीने निघतील. बिल तिसांचंच केलं आहे. गुरुवारी तुमच्या दुकानात पोचतील, गोदामातून उचलायला माणूस पाठवू नका. दारपोचचं भाडं माझ्याकडे. उरलेल्या १२ लग्नाआधी होणार नाहीत. त्याच भावाच्या हिरव्या १२ तयार आहेत, फोटो सोबत जोडले आहेत. दुपारी चारपर्यंत हो म्हणालात तर बिलात वाढवून याच गाडीत घालतो. नको असतील तर त्या १२ ऑर्डरीतून वगळतो, आगाऊ दिलेले पैसे आजच परत करतो. गाडी भरली की बिल्टीचा फोटो आणि गाडीचा नंबर पाठवीन."

बघा म्हणजे! पाऊस नाही, घाट नाही, ड्रायव्हरच्या सासऱ्याचं आजारपण नाही. विणकरावर ढकलायची इतकी सुरेख संधी होती, तीही म्हाताऱ्याने घालवली. बरं, चुका कबूल करून दोन ओळींत मोकळा झाला. चांगलं पानभर हळहळायचं, तर उरलेल्या पत्रात नुसते वार, वेळा आणि आकडे. त्यात दुपारी चारची वेळ घालून निर्णय गिऱ्हाइकाच्याच हातात दिला, तोही गाडी निघायच्या आत.

अशाने धंद्यातली मजाच जाते. पुण्याच्या दुकानदाराने रागावण्याची जय्यत तयारी केली असणार, पण पत्रात राग टेकवायला जागाच सापडली नसावी. तीन वाजता उत्तर आलं: "आठ हिरव्या घाला, चार वगळा. बिल्टी पाठवा." झालं! चार साड्यांची विक्री गेली, वर दारपोचचं भाडं अंगावर. आणि आता पुढच्या ऑर्डरीच्या वेळी तारीख सांगण्याआधी नानांना महेश्वरला फोन लावावा लागणार.