‘k’ आला? मग आज झोपायचं नाही

रात्री साडेआठला तुम्ही लिहिता, ‘आज निघायला उशीर होईल, तू जेवून घे.’ तिकडून उत्तर येतं, ‘k’. अभिनंदन! तुमच्या नात्याचा निकाल लागला आहे. गुणपत्रिका तेवढी तुम्ही स्वतः भरायची.

पहिलं काम म्हणजे ती त्या वेळी कुठे असेल, हा विचार डोक्यातून काढून टाका. डोंबिवलीची लोकल, एका हातात वरची कडी, खांद्याला दोन बॅगा आणि मोकळा एकच अंगठा, असली क्षुल्लक कारणं अभ्यासात व्यत्यय आणतात. तुमचा मेसेज म्हणजे निव्वळ सूचना होती आणि सूचनेला ‘कळलं’ यापलीकडे उत्तर लागत नाही, हेही विसरा. तुम्ही कविता पाठवली होती असंच धरून चाला.

दुसरं, जुनं चॅट वर सरकवून बघू नका. तिथे ‘दूध आणलंय’ला k, ‘पोचलो’ला k, ‘लाइटबिल भरलं’लाही k सापडेल आणि आजच्या k मधलं सगळं रहस्य मातीत जाईल. खरा राग ओळखायचा, तर त्या माणसाची नेहमीची सवय मोडली आहे का, ते पाहावं लागतं. रोज ‘ठीकेएए’ लिहून तीन बदाम टाकणारीने एकाएकी ‘Ok.’ लिहिणं वेगळं. ‘मी येऊ की नको?’ या थेट प्रश्नाला नुसतं ‘hmm’ येणं वेगळं. पण इतकं बारकाईने पाहायला लागलात, तर बहुतेक k बिनविषारी निघतील. मग रात्र कशी काढणार?

त्या टिंबावर मात्र वेळ घालवा, त्याला शास्त्राचा पाठिंबा आहे. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला, की विद्यार्थ्यांना ते कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हाताने चिठ्ठीवर लिहिलेलं असलं, तर टिंबाने काही फरक पडला नाही. आता शाळेत शुद्धलेखनात पैकीच्या पैकी मिळवणारी मुलगी प्रत्येक मेसेजला टिंब देणारच, हा मुद्दा अभ्यासात नाही, म्हणजे तुम्हीही सोडून द्यायला हरकत नाही.

hmm चं प्रकरण जरा खोल आहे. समोरासमोर किंवा फोनवर ‘हं’ आपल्या बोलण्याच्या खालून येतो. ऐकतेय, चालू दे, एवढंच त्याचं म्हणणं. चॅटमध्ये त्याच ‘हं’ला स्वतःचा आख्खा फुगा मिळतो, वेळ मिळते, निळ्या खुणा मिळतात आणि बोलण्याची पाळी पुन्हा तुमच्यावर येते. पाठवणाऱ्याने मान डोलावलेली असते, घेणाऱ्याला तोंडावर दार लावल्यासारखं वाटतं. कधी कधी ती खरोखरच टाळाटाळ असते, आणि ओळखायची रीत सोपी आहे: आपली गोष्ट पुढे सांगत राहायची. ऐकणारा माणूस मध्येच काहीतरी विचारतो, टाळणारा पुन्हा hmm देतो. तुम्ही मात्र गोष्ट सोडून ताबडतोब ‘??’ पाठवा.

मग चौकशी सुरू करा. ती साधारण अशी चालते:

‘काय झालं?’
‘काही नाही’
‘नक्की?’
‘हो रे’
‘मग नुसतं k का?’
‘अरे गाडीत आहे’
‘सरळ सांगायचं ना चिडली असशील तर’
‘कशाला चिडू??’
‘राहू दे’
‘hmm’

हा शेवटचा hmm अस्सल. साडेआठला नसलेला राग तुम्ही पंधरा मिनिटांत, स्वतःच्या मेहनतीने तयार केलात. आता स्क्रीनशॉट मित्रांच्या ग्रुपवर टाका. ज्याचं तीनदा फिसकटलंय, त्याचा सल्ला शिरोधार्य माना. तिला फोन करायचा मोह झाला तर आवरा. ‘बोल रे, ठाणं आलं’ हे चार शब्द ऐकले, की एवढं विश्लेषण वाया जाईल.

सगळ्यात शेवटी सूड. तिच्या पुढच्या मेसेजला तुम्हीही थंडगार k पाठवा, त्यात दिवसभराचा अपमान ठासून भरा. २००५ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना ईमेलमधून काही वाक्यं गंभीरपणे, तर काही उपरोधाने लिहायला लावली होती. आपला सूर शंभरात अठ्ठ्याहत्तर वेळा ओळखला जाईल, अशी लिहिणाऱ्यांची खात्री होती. वाचणाऱ्यांनी ओळखला छप्पन्न वेळा, म्हणजे नाणं उडवून जेवढं जमतं त्याहून जरासं जास्त. तुमचं अर्थात तसं होणार नाही. तिचा मेसेज येईल, ‘उद्या सहाला स्टेशनवर भेटू?’ तुम्ही दात-ओठ खात लिहाल, ‘k’.

‘मस्त,’ ती लिहील, ‘आणि येताना माझी छत्री आण.’