'संस्काराचं पुस्तक' हातात देऊन पोरगा वाचायला लागत नाही

"मुलगा वाचत नाही? मोबाइल काढून घ्या आणि रोज संध्याकाळी एक तास बसवा. सुरुवात 'श्यामची आई', 'मृत्युंजय' अशा संस्कार करणाऱ्या पुस्तकांनीच करा. हाती घेतलेलं पुस्तक संपल्याशिवाय दुसरं देऊ नका. खेळाडूंची पुस्तकं आणि कॉमिक्स म्हणजे वाचन नव्हे."

हा मेसेज मला चार ग्रुपवर आलाय. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात मी एकोणीस वर्षं पुस्तकं देते-घेते, आणि हा सल्ला पाळून दमलेले आईबाप दर उन्हाळी सुट्टीत माझ्या टेबलापाशी येतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी पुस्तकांचं. दोन्ही पुस्तकं मला जीव की प्राण आहेत. पण चौदा वर्षांच्या, कधीच न वाचलेल्या पोराच्या बाजूनं ती उघडून बघा. 'श्यामची आई' साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातलं घर कोकणातलं, सणवार आणि शब्द शंभर वर्षांपूर्वीच्या त्या घरातले. आमच्याकडच्या पोराला पाणी म्हणजे टँकर माहीत. त्याला आधी तो मुलूख समजून घ्यावा लागतो, मग गोष्ट. 'मृत्युंजय' जाडजूड, भाषा संस्कृत वळणाची, आणि कथा सांगणारा 'मी' दर भागाला बदलतो: आधी कर्ण, पुढे कुंती, मग दुर्योधन. मुरलेल्या वाचकाला यातच मजा वाटते. नवखा मात्र 'आता हा कोण बोलतोय' इथंच अडतो. मग तो म्हणतो, मला वाचन आवडत नाही. खरं तर त्याला ते एक पुस्तक झेपलेलं नसतं.

गेल्या वर्षी नववीतल्या एका पोराला त्याचे वडील घेऊन आले होते. सेमी इंग्रजी, सकाळ-संध्याकाळ ट्युशन. वडील म्हणाले, "मॅडम, याला सवय लावा." पोरगा खाली बघून म्हणाला, "मला वाचायचा राग येतोय." वडिलांना मी बाहेर वर्तमानपत्र चाळायला बसवलं. पोराला विचारलं, "राग कशाचा येतोय रे?" तो म्हणाला, "वाचलं की कुणीतरी प्रश्न विचारतंय." लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या पोराच्या तोंडचं हे वाक्य मी विसरले नाही. छापील पान म्हणजे परीक्षा, असंच त्याच्या डोक्यात बसलं होतं. मी त्याला तिथंच शब्द दिला: तुला कुणी काही विचारणार नाही, सारांश लिहायचा नाही, तात्पर्य सांगायचं नाही. वडिलांनाही तेच बजावलं.

मग एक पान मोठ्यानं वाचायला सांगितलं, आजूबाजूला कुणी नसताना. ही पायरी कुणीही गाळू नये. पानावर पाचाहून जास्त शब्द अडले तर पुस्तक आत्ता जड आहे, बाजूला ठेवायचं. बोट ठेवल्याशिवाय ओळ सापडत नसेल, जोडाक्षरं सारखी गळत असतील, डोळे बारीक करावे लागत असतील, तर पुस्तक बदलून भागत नाही. आधी डोळे तपासा. चष्म्यानंही फरक पडला नाही, तर वाचनाची अडचण ओळखणाऱ्या जाणकाराला दाखवा. हा पोरगा सावकाश पण नीट वाचत होता. म्हणजे अडचण फक्त निवडीची होती.

"घरी काय करूलालास दिवसभर?" असं विचारल्यावर कळलं, पहाटे तालमीत जातो. मी तीन पुस्तकं समोर ठेवली. एकच ठेवलं तर ती सक्ती होते, आणि दहा ठेवली तर पोरगं बावरतं. तिन्ही दीडशे पानांच्या आत, अक्षर मोठं, संवाद भरपूर, पहिल्याच पानावर काहीतरी घडणारी: एक भुताची गोष्ट, एक व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' आणि एक खाशाबा जाधवांचं छोटं चरित्र. मुखपृष्ठही बघून घेतलं. ससा-हत्तीचं चित्र असलं तर नववीतला पोरगा ते दप्तरात ठेवत नाही, आतली गोष्ट कितीही चांगली असो.

आठवड्यानं भुताची गोष्ट परत आली: "लहान पोरांचं आहे." 'बनगरवाडी' वीस पानांवर थांबलं: "लई हळू चालतंय." मी दोन्ही कारणं वहीत लिहून घेतली. मेसेजमधल्या 'संपल्याशिवाय दुसरं नको' या नियमाला माझा मुख्य विरोध इथंच आहे. सोडलेलं पुस्तक काही सांगत असतं. 'लहान पोरांचं' म्हणजे विषय मोठ्यांचा हवा. 'हळू' म्हणजे घटना लवकर घडायला हव्यात. 'शब्द कळत नाहीत' म्हटला असता तर भाषा सोपी करायची. जबरदस्तीनं संपवायला लावलं असतं तर ही माहिती मला मिळाली नसती, आणि तो परत आला नसता. मोठी माणसंसुद्धा अर्धी पुस्तकं सोडतात, त्यांना कुणी दटावत नाही. फक्त वीसेक पानं द्यावीत, पहिल्याच पानावर फेकू नये, एवढं मी सांगते.

खाशाबांचं पुस्तक मात्र त्यानं दोन दिवसांत संपवलं. टेबलावर दोन्ही हात टेकून मला सांगत होता, "मॅडम, त्यांच्या प्रिन्सिपलनं घर गहाण ठेवलं! सात हजारांसाठी!" 1952 चं हेलसिंकी, कांस्यपदक, एक कुस्ती झाल्या झाल्या पुरती विश्रांती न देता दुसऱ्या कुस्तीला उतरवलं, हे सगळं तो चिडून सांगत होता, जणू कालच घडलंय. मी एकही प्रश्न विचारला नव्हता. खेळाडूचं चरित्र हे वाचन नाही, असं म्हणणाऱ्यांनी तो चेहरा बघायला हवा होता. माणूस, अडचण, जिद्द, अन्याय, सगळं त्यात होतं, आणि तालमीत घाम गाळणाऱ्या पोराला ते आधीपासून ओळखीचं होतं. कॉमिक्सचंही तसंच. चित्र बघत फुग्यातला मजकूर वाचताना अडलेला शब्द चित्रावरून उलगडतो, म्हणून सावकाश वाचणाऱ्याला ते फार सोयीचं पडतं.

मोबाइलचं थोडक्यात सांगते. काढून घेतला की पुस्तक ही शिक्षा ठरते. एक तासही फार आहे. झोपण्याआधी पंधरा मिनिटं, घरातल्या एखाद्या मोठ्या माणसानं शेजारी स्वतःचं काहीतरी वाचत बसलेलं असताना, एवढं पुरतं. या पोराचे वडील ॲग्रोवन वाचत बसायचे.

पुढचं पुस्तक देताना मी धोरण थोडं बदललं. कुस्तीवरून कुस्तीवर नेलं असतं तर तो तिथंच फिरत राहिला असता. त्यांच्या शेतात टोमॅटो असतो हे मला माहीत होतं. म्हणून मराठवाड्यातल्याच भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही एकच कथा दिली, अख्खा संग्रह नाही. भाव पडल्यावर बाप भर बाजारात टोमॅटो तुडवतो, आणि पोरगा ते बघतो. कथा छोटी, बोली आपल्याकडची. त्यानं ती इथंच बाकावर वाचली. वाचून झाल्यावर बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "आमच्या पप्पांनी पण मागं असंच ओतून दिले होते रस्त्यावर."

परवा तो पुन्हा आला, एकटाच. म्हणाला, "त्याच्यासारखं अजून काही आहे का?" परभणीच्या आसाराम लोमटे यांचं 'आलोक' मी त्याच्यासाठी काढून ठेवलंय. साहित्य अकादमी मिळालेलं पुस्तक आहे, पण त्यातल्या कथा लांब आहेत. अजून दोन-तीन छोटी पुस्तकं झाली की देईन. आत्ता त्यानं स्वतः कपाटातून एक शिकारकथांचं पुस्तक काढून नेलं आहे. वडिलांचा फोन आला होता, "हे कशाला दिलं?" मी म्हटलं, त्यानं निवडलंय, राहू द्या.