कोबाल्टचा गुणांक आणि पुण्याची हवा

रेडिओथेरपीच्या यंत्राचा डोस पाण्यात ठेवलेल्या आयनीकरण चेंबरने मोजतात, आणि त्याबद्दल असे ऐकायला मिळते: "आता चेंबरचे कॅलिब्रेशन थेट पाण्यातील डोसचे मिळते. इलेक्ट्रोमीटरच्या आकड्याला प्रमाणपत्रातील गुणांकाने गुणले की झाले. पोकळीचा सिद्धांत परीक्षेपुरता उरला आहे."

पहिले विधान बरोबर आहे, मात्र तो गुणांक सहसा कोबाल्ट-६० च्या बीममधला असतो आणि रुग्णावरचा बीम लिनॅक या उपचारयंत्राचा असतो. पाण्यात सुटलेले इलेक्ट्रॉन चेंबरमधील हवेची छोटी पोकळी ओलांडतात. त्या हवेतील डोसला पाणी आणि हवा यांच्या स्टॉपिंग पॉवरच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनची ऊर्जा घटवण्याच्या क्षमतेच्या, गुणोत्तराने गुणले की पाण्यातील डोस मिळतो, हे पोकळीच्या सिद्धांतातले ब्रॅग-ग्रे तत्त्व होय. हे गुणोत्तर कोबाल्टला सुमारे १.१३३ असते आणि लिनॅकच्या ६ एमव्ही बीमला १.१२ च्या आसपास उतरते, कारण वेगवान इलेक्ट्रॉनभोवती दाट पाण्याचे ध्रुवीभवन होऊन त्याची ऊर्जाहानी कमी होते, विरळ हवेत तसे फारसे घडत नाही. म्हणूनच फार्मर चेंबरसाठी कोबाल्टचा गुणांक लिनॅकच्या बीमला जुळवून घेणारा k_Q हा गुणक ६ एमव्हीला ०.९९ आणि १५ एमव्हीला ०.९७५ च्या आसपास येतो. चेंबरची भिंत, मधला इलेक्ट्रोड आणि चेंबरने हटवलेले पाणी यांच्या दुरुस्त्याही त्यातच येतात. थोडक्यात, ज्याला निरुपयोगी म्हटले आहे तो सिद्धांत तक्त्यातल्या या आकड्यात बसलेला आहे.

निव्वळ सिद्धांतावरही भागत नाही, हेही मान्य करायला हवे. फार्मर चेंबरच्या पोकळीचे ०.६ घन सेंटीमीटर हे नाममात्र आकारमान असते. पोकळीतील हवेचे वस्तुमान त्यावरून पुरेशा अचूकतेने कळत नाही, म्हणून कॅलिब्रेशन लागतेच.

"गुणले की झाले" यातली खरी अडचण त्याच हवेत आहे. फार्मर चेंबर बाहेरच्या हवेला खुले असते, म्हणून पोकळीतील हवेचे वस्तुमान दाब-तापमानानुसार बदलते, आणि गुणांक २० अंश सेल्सिअस व १०१३.२५ हेक्टोपास्कलसाठी दिलेला असतो. पुण्यात दाब ९५० आणि मोजमापाच्या टाकीतील, म्हणजे फँटममधील, पाणी २४ अंश असेल, तर दुरुस्ती (२९७.२/२९३.२) × (१०१३.२५/९५०), म्हणजे १.०८१ होते. समजा यंत्राच्या १०० मॉनिटर युनिटला १० सेंटीमीटर खोलीवर ११.५८ नॅनोकूलोम मिळाले आणि गुणांक ०.०५३५ ग्रे प्रति नॅनोकूलोम आहे. नुसता गुणाकार ०.६२० ग्रे देतो; हवेची दुरुस्ती, k_Q ०.९९ आणि चेंबरमधील आयनांच्या पुनर्संयोगाचे १.००३ धरल्यास ०.६६५ ग्रे मिळतात.

त्याहून फसवी चूक म्हणजे हवामानाच्या वार्तापत्रातला, समुद्रसपाटीवर आणलेला १०१० चा दाब वापरणे. मग उत्तर ०.६२६ ग्रे येते, यंत्र कमी देते असे वाटून आउटपुट वाढवले जाते आणि रुग्णाला सुमारे ६ टक्के जास्त डोस जातो. मुंबईत ही चूक जवळजवळ दिसतच नाही. पुण्यातल्या नोंदवहीत मात्र दाब १००० च्या वर दिसला, तर मोजमाप तिथेच थांबवून खोलीतल्या बॅरोमीटरवर दाब पुन्हा वाचावा. आणि आउटपुट आधीच बदलले गेले असेल, तर टपालाने येणाऱ्या डोसमापकांच्या तपासणीत ही तफावत उघड होते.