लोअर परळ येथील राउटर बदलाबाबत आमचे उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय: «शनिवारी राउटर बदलला, सगळं तपासलंय म्हणून निघून गेले. सोमवारी इंटरनेट चालू, पण प्रिंटर मध्येच चालतो, मध्येच बंद. दुपारपर्यंत धड एक बिल छापता आलं नाही. जुना राउटर शेजारीच पडला होता, तो परत का लावला नाही?»

सप्रेम नमस्कार,

चूक पूर्णपणे आमची आहे. आपल्या प्रिंटरमध्ये `192.168.1.50` हा पत्ता कायमचा भरलेला आहे. जुना राउटर संगणकांना शेवटचा आकडा शंभरपासून पुढचा असलेलेच पत्ते वाटत असे. नवा राउटर मात्र दोनपासून पुढचे सगळेच वाटत होता, आणि ती मर्यादा बदलायची आमच्याकडून राहिली. शनिवारी दोनच संगणक चालू होते, चाचणीचे पान व्यवस्थित छापून आले आणि आमच्या तंत्रज्ञाने चाचण्यांच्या यादीत खूण केली. सोमवारी प्रिंटर बंद असतानाच मंडळी येऊ लागली, रिकामा दिसलेला तो पत्ता एका लॅपटॉपला मिळाला, आणि प्रिंटर चालू होताच एका पत्त्यावर दोन उपकरणे झाली. प्रिंटर बंद करून पुढील आज्ञा दिल्यावर ते उघड झाले, कारण आज्ञेच्या उत्तरात त्या पत्त्यासमोर दिसलेला मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा क्रमांक, प्रिंटरच्या मागील स्टिकरवरचा नव्हता.

```
ping 192.168.1.50
arp -a
```

जुना राउटर परत न लावण्याचे कारण आमच्या योजनेतच होते. «इंटरनेट न आल्यास माघार» एवढेच तिच्यात लिहिले होते आणि इंटरनेट तर चालू होते. यापुढच्या राउटर बदलांसाठी आता ती अट बदलली आहे: शनिवारी सायंकाळी सातपर्यंत यादीतील एकही चाचणी अपुरी राहिली, तर जुना राउटर लागेल. त्यासाठी तो रीसेट न करता, केबलींना चिठ्ठ्या लावून जागेवरच ठेवला जाईल. तो लावल्यावर प्रत्येक लॅपटॉपचे वायफाय एकदा बंद करून चालू करावे लागते, नाहीतर नव्या राउटरने दिलेला पत्ता लॅपटॉप धरून बसतो आणि माघार घेऊनही बिघाड तसाच दिसतो.

बदलाआधी जुन्या राउटरमधील पत्त्यांची मर्यादा, राखीव पत्ते आणि इंटरनेट जोडणीचे युजरनेम यांची छायाचित्रे घेतली जातील. काही इंटरनेट कंपन्या जोडणी जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याशी बांधून ठेवतात. शनिवारी रात्री त्यांच्याकडून ती सोडवून घेणे कठीण असते, म्हणून तो पत्ताही आधीच टिपून घेऊ.

चाचणीत कायम पत्त्याचे प्रत्येक उपकरण बंद करून पुन्हा चालू केले जाईल, एक पान छापले जाईल आणि एक स्कॅन सामायिक फोल्डरमध्ये पोहोचल्याची खात्री केली जाईल. तरीही भरलेल्या कार्यालयाची परीक्षा शनिवारी होत नाही, हे आम्ही आपल्याकडे शिकलो. त्यामुळे सोमवारी साडेनऊपासून, सगळे जोडले जाऊन पहिले बिल छापले जाईपर्यंत, आमचा माणूस तेथे थांबेल.

आपल्या राउटरची मर्यादा आता शंभर ते एकशे नव्याण्णव अशी ठेवली आहे. सोमवारच्या भेटीचे शुल्क आकारलेले नाही. झालेल्या खोळंब्याबद्दल मनापासून क्षमस्व.